दोन रकान्यांची स्क्रिप्ट: एडिटर आणि निवेदक दोघांनाही कळेल अशी

प्रश्न: कारखान्यातल्या कामगारांसाठी अग्निशामक कसा वापरायचा यावर ट्रेनिंग फिल्म करतोय. स्क्रिप्ट दोन रकान्यांत द्या म्हणाले. डावीकडे दृश्य, उजवीकडे आवाज एवढं कळलं, पण एका ओळीत नेमकं किती आणि कसं लिहायचं?

उत्तर:

एका ओळीत एकच कृती, आणि ती कृती पडद्यावर जेवढा वेळ चालते तेवढंच निवेदन. बहुतेक घोळ या दुसऱ्या अर्ध्या भागात होतो. तुमच्याच विषयातलं एक वाक्य घेऊ:

«अग्निशामकाची सुरक्षा पिन ओढण्यापूर्वी प्रेशर गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे याची खात्री करून घ्या, आणि मग सील तोडून पिन सरळ बाहेर ओढा.»

कागदावर यात काही चूक दिसत नाही. पण हे २२ शब्द आहेत. ट्रेनिंग फिल्मचं निवेदन सावकाश असतं, सेकंदाला साधारण दोन शब्द धरा, म्हणजे हे अकरा सेकंद चालणार. पिन ओढायला लागतात तीन. उरलेल्या वेळात एडिटर काय दाखवणार? चित्र गोठवेल, नाहीतर तोच शॉट पुन्हा लावेल. दुसरी अडचण मराठी वाक्यरचनेची आहे. ‘ओढण्यापूर्वी’ म्हटलं की नंतरची कृती आधी ऐकू येते. कानावर ‘पिन’ पडते आणि पडद्यावर गेज असतं. नवखा कामगार पिनकडेच हात नेणार. म्हणून ‘-पूर्वी’, ‘-नंतर’ अशी वाक्यं मोडा आणि हात ज्या क्रमाने चालतात त्याच क्रमाने लिहा:

| क्र. | दृश्य | ध्वनी |
|---|---|---|
| ७ | क्लोज-अप: प्रेशर गेज. काटा हिरव्या पट्ट्यात. | निवेदन: आधी गेज बघा. काटा हिरव्या पट्ट्यात हवा. |
| ८ | क्लोज-अप: कडीत बोट, पिन सरळ ओढली जाते, सील तुटतं. दुसरा हात हँडल दाबत नाही, हे स्पष्ट दिसावं. सुपर: पिन ओढा | निवेदन: हँडल न दाबता पिन ओढा. (थांबा, २ सेकंद) इफेक्ट: सील तुटल्याचा ‘टक्’ |
| ९ | मिड शॉट, बाजूने: कामगार, नोझल आणि आगीचं बूड एकाच फ्रेममध्ये. | निवेदन: दोन ते तीन मीटरवरून नोझल आगीच्या बुडाशी धरा. |

आठव्या ओळीतली हँडलची सूचना सहज घातलेली नाही. हँडल दाबून धरलं तर पिन अडकते आणि निघत नाही. अशी गोष्ट फक्त निवेदनात लिहिली तर कॅमेरामन ती टिपेलच असं नाही, म्हणून ती डावीकडेही हवी. उलट, नवव्या ओळीत डावीकडे नुसतं ‘कामगार आग विझवतो’ लिहिलंत तर ज्वाळांवर पावडर मारतानाचा शॉट येईल. दिसायला झकास, शिकवायला चुकीचा.

इंग्रजी स्क्रिप्टमध्ये सूचना मोठ्या लिपीत लिहून निवेदनापासून वेगळ्या काढता येतात. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून प्रत्येक नोंदीआधी ‘निवेदन’, ‘इफेक्ट’, ‘सुपर’ हे शब्द लिहाच. नाहीतर ‘थांबा’ हा शब्दसुद्धा निवेदक वाचून मोकळा होतो! सुपर, म्हणजे पडद्यावर येणारी अक्षरं, नेहमी डाव्या रकान्यात, हुबेहूब जशी हवीत तशी. ग्राफिक्सवाला तिथूनच कॉपी करतो.

निवेदकासाठी आकडे आणि लघुरूपं उच्चाराप्रमाणे लिहा. अग्निशमन दलाचा १०१ हा नंबर कोणी ‘एकशे एक’ वाचेल, कोणी ‘एक शून्य एक’. तुम्हाला जे हवं ते अक्षरांत लिहा. ‘६ कि.ग्रॅ.’ऐवजी ‘सहा किलोचा’. मग स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा आणि हातात खरा अग्निशामक घेऊन तीच कृती करून बघा. शब्द मोजून फक्त अंदाज येतो. ‘अग्निशामकाच्या’ आणि ‘हवा’ दोन्ही एकेक शब्दच.

रकाने वर्डमध्ये करताना टेबलच घ्या. टॅब मारून किंवा वर्तमानपत्रासारखे कॉलम करून नको. एक वाक्य वाढलं की खालचं सगळं निवेदन चुकीच्या दृश्यासमोर सरकतं. टेबलच्या गुणधर्मांत Allow row to break across pages वरची खूण काढा, म्हणजे ओळ दोन पानांत तुटत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये वाक्याच्या मध्ये पान उलटल्याचा आवाज येत नाही.

ओळींचे क्रमांक हाताने टाका, आपोआप येणारे नकोत. स्क्रिप्ट मंजूर झाल्यावर ते बदलायचे नाहीत. आठ आणि नऊच्या मध्ये काही घालायचं असेल तर ‘८अ’ करा, एखादी ओळ काढली तर तिथे ‘रद्द’ लिहा. निवेदनाच्या फाइल्सना तेच क्रमांक द्यायला सांगा: `N08_v1.wav`, आणि वाक्य बदलून पुन्हा बोललं तर `N08_v2.wav`. क्रमांक एकदा सरकले की एडिटरला प्रत्येक फाइल ऐकून जागा शोधावी लागते, आणि पिनच्या दृश्यावर नोझलचं वाक्य बसतं ते तिथेच.