माणूस काढायचाय, पण रोटो सायकलचा करा

प्रश्न: गर्दीच्या रस्त्याच्या शॉटमधून भिंतीपाशी उभा असलेला लाल शर्टवाला माणूस काढायचाय. ऑटोमॅटिक रिमूव्हलने जमत नाही, पुढून सायकलवाला गेला की तोच वितळतो. हाताने करायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: सुरुवात सायकलवाल्यापासून करा. ऑटोमॅटिक टूल मास्कच्या आतलं सगळं पुसून ती जागा इतर फ्रेम्सवरून भरतं. सायकल मास्कमध्ये शिरली की तीही पुसली जाणारच. म्हणून तीन थर लावा: तळाला मूळ शॉट, त्यावर माणसाला झाकणारा भिंतीचा पॅच आणि सगळ्यात वर मूळ शॉटचीच प्रत, जिच्यातून फक्त सायकलवाला कापलेला असेल. मग माणसाचा काटेकोर रोटो, म्हणजे फ्रेमगणिक हाताने कडा आखून केलेला मास्क, लागतच नाही, पॅचची कडा मऊ असली की पुरे.

पॅचचं काम सोपं आहे. माणूस जरा जरी हलत असेल तर भिंतीचे तुकडे वेगवेगळ्या फ्रेम्समधून मिळतात, नाहीतर एक फ्रेम रंगवून तीच पुढे धरायची. कॅमेरा हलता असेल तर पॅच भिंतीला ट्रॅक करा. माणसाची सावलीही झाका. गोठलेल्या पॅचवर ग्रेन, म्हणजे फुटेजमध्ये असते तशी बारीक कणांची हलती खरखर, घालायला विसरू नका, नाहीतर तो चौकोन लगेच डोळ्यात भरतो.

खरी मेहनत वरच्या थरात. समजा २५ फ्रेम्सच्या शॉटमध्ये सायकल १४ फ्रेम्स माणसापुढे आहे. रोटो तेवढ्याच फ्रेम्सचा आणि पॅचवर येणाऱ्या भागाचाच करा. डोकं, धड, हात, मांडी, पोटरी यांचे वेगळे शेप काढा. आधी पहिली आणि शेवटची फ्रेम, मग गुडघा सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असतो त्या फ्रेम्स, मग मधल्या. गुडघ्यावरचा बिंदू शेवटपर्यंत गुडघ्यावरच राहिला पाहिजे. तो सरकला की कडा उकळल्यासारखी थरथरते.

धावत्या कडा पुसट असतात. शेपची रेघ त्या पुसट पट्ट्याच्या मधोमध ठेवा आणि मास्कला मोशन ब्लर द्या (फुटेज १८० अंश शटरचं असेल तर तेवढाच). तरीही लाल झाक उरेल, कारण त्या पट्ट्यात शर्टचा रंग खरोखरच मिसळलेला असतो. मास्क आत ओढून ती जाईल, पण ब्लरही जाईल आणि सायकलवाला कात्रीने कापल्यासारखा दिसेल. त्यापेक्षा त्याचाच आतला रंग कडेपर्यंत बाहेर पसरवा.

चाकाच्या आऱ्यांचा रोटो करत बसू नका, त्यांच्यामधून लाल दिसणारच. सायकल माणसाला ओलांडून गेल्यावरच्या फ्रेममधलं अख्खं चाक गोल मास्कने उचला, मागच्या फ्रेम्समध्ये आसावर ट्रॅक करून बसवा आणि दर फ्रेमला थोडं फिरवा. आऱ्यांमधून भिंतीचा भलताच भाग दिसेल, पण भिंत एकसारखी असेल तर खपून जातं. ठळक विटा किंवा पोस्टर असेल तर मात्र आऱ्यांमधला लाल रंग फ्रेमगणिक हातानेच रंगवावा लागेल.