आधी जी प्रथिन बंद कसं होतं ते शीक

तू म्हणालास, जीपीसीआरची, म्हणजे जी प्रथिनाला जोडलेल्या रिसेप्टरची, साखळी लक्षातच राहत नाही. पुण्यात बीएस्सीच्या मुलांना शिकवताना मी कॉलऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे एकच पायरी अडते आणि बाकीच्या आपोआप उलगडतात.

नेहमी काय होतं? संप्रेरक बाहेरून रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टरचा आकार बदलतो आणि आतल्या जी प्रथिनाचा अल्फा भाग जीडीपी सोडून जीटीपी घेतो. मग तो सुटा होऊन अ‍ॅडेनिलिल सायक्लेजला जागं करतो. ते एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवतं आणि त्याने प्रोटीन कायनेज ए कामाला लागतं. थोड्या वेळाने अल्फा स्वतःच जीटीपी तोडतो आणि थांबतो. मुलं नेमकी हीच पायरी गाळतात.

कॉलऱ्याचं विष अल्फाला एडीपी-रायबोज जोडतं, त्यामुळे जीटीपी तुटत नाही. संप्रेरक नसलं तरी आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपी साठत जातं, प्रोटीन कायनेज ए चालूच राहतं आणि त्यामुळे क्लोराइडची सीएफटीआर वाहिनी उघडी राहते. क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागे सोडियम आणि पाणी. तरीही मीठ-साखरेचं पाणी उपयोगी पडतं, कारण ग्लुकोजसोबत सोडियम आत घेणारा वाहक शाबूत असतो.

आकृती काढताना जीटीपी तुटण्याचा बाण लाल पेनाने काढ, आणि कॉलऱ्याची फुली त्याच बाणावर मार.