|x² − 4| चा डेरिव्हेटिव्ह आणि अडचणीचे बिंदू

प्रश्न: |x² − 4| डिफरन्शिएट कसं करायचं? मॉडचं चिन्ह काढून टाकलं की 2x येतं, पण उत्तर चुकीचं धरतात. आणि कुठल्या बिंदूंवर डेरिव्हेटिव्ह नसतो हे कसं ओळखायचं?

2x हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. x = 1 घेऊन पाहा. तिथे फलाची किंमत 3 आहे आणि x = 1.1 ला 2.79. म्हणजे आलेख खाली उतरतोय, मग उतार +2 कसा असेल? −2 आणि 2 यांच्या मधे x² − 4 ऋण असतं, म्हणून मॉड त्याचं 4 − x² करतो आणि डेरिव्हेटिव्ह −2x होतो. x > 2 किंवा x < −2 असेल तिथे मात्र 2x बरोबर आहे.

आता सांध्यावर, x = 2 ला, काय होतं ते व्याख्येनेच बघू. तिथे f(2) = 0, म्हणून

[f(2+h) − f(2)]/h = |4h + h²|/h = (|h|/h)·|4 + h|

h उजवीकडून शून्याकडे गेला तर हे 4 कडे जातं, डावीकडून गेला तर −4 कडे. दोन्ही सीमा वेगळ्या, म्हणून इथे डेरिव्हेटिव्ह नाही. आलेखाला टोक येतं. −2 लाही तसंच, डावीकडून −4 आणि उजवीकडून 4.

हा 4 आला कुठून? आतल्या x² − 4 चा x = 2 वरचा उतार तोच आहे. अडचणीचे बिंदू ओळखण्याची सगळी किल्ली इथेच आहे. मॉडच्या आत g(x) असेल आणि ते सगळीकडे डिफरन्शिएबल असेल, तर आधी g(x) = 0 सोडवा. मिळालेल्या प्रत्येक बिंदूवर g′ तपासा. g′ शून्य नसेल तर दोन बाजूंचे उतार +|g′| आणि −|g′| येतात, म्हणजे टोक नक्की. g′ पण शून्य असेल तर दोन्ही उतार शून्यच, आणि डेरिव्हेटिव्ह 0 असतो.

उदाहरणार्थ |x(x−2)²|. आतलं पद 0 आणि 2 या दोन ठिकाणी शून्य होतं. त्याचा डेरिव्हेटिव्ह 3x² − 8x + 4; तो x = 0 ला 4 आहे, x = 2 ला 0. म्हणून टोक फक्त 0 ला, 2 ला आलेख x-अक्षाला गुळगुळीत स्पर्श करून परत वर जातो.

g′ = 0 सोडवून मिळालेले बिंदू बरेच जण या यादीत घालतात, ते करू नका. |x² − 4| मधे x = 0 ला g′ = 0 आहे, पण g = −4. तिथे काहीच बिघडत नाही. उतार 0 आहे आणि फलाला 4 हे स्थानिक महत्तम मूल्य मिळतं.

एका ओळीत लिहायचं तर सूत्र असं, g ≠ 0 असताना:

f′(x) = (g/|g|)·g′

g = 0 ला हे 0/0 होतं. पण तेवढ्यावरून डेरिव्हेटिव्ह नाही असं लिहू नका, कारण |x(x−2)²| मधे x = 2 लाही सूत्र अडतं आणि डेरिव्हेटिव्ह मात्र आहे. अशा बिंदूवर g′ तपासा किंवा वरच्यासारखी h ची सीमा काढा.