अवलिया, वली आणि विलायत

‘पेपरात विक्षिप्त कलावंताला अवलिया म्हणतात. मग निजामुद्दीन औलियाही विक्षिप्त होते का? शब्द अव्वलवरून आलाय का?’

विक्षिप्त नव्हते. हल्ली बुलेटवरून लडाखला जाऊन आलेला प्रत्येक जण अवलिया असतो, त्याला ते काय करणार! अव्वलचाही संबंध नाही. अव्वल म्हणजे पहिला. औलिया हे ‘वली’चं अरबी अनेकवचन, आणि वली म्हणजे जवळचा, ईश्वराचा सखा. म्हणजे आपण ‘अवलिये’ म्हणतो तेव्हा अनेकवचनाचं अनेकवचन करतो. अव्वलवाले पंडित नुसत्या कानावर विसंबतात, धातू बघत नाहीत. (वात्रट पोराला ‘अवली’ म्हणतात तेही यातलंच, असं माझं मत. पुरावा मागू नका.)

खरी मजा ‘विलायत’मध्ये आहे. धातू तोच. विलायत म्हणजे वलीपण, आणि विलायत म्हणजे अंमलाखालचा मुलूखही. निजामुद्दीन सांगत त्या एका गोष्टीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. अब्दुल्ला नावाचा गवई अजोधनहून मुलतानला निघाला. वाटेत चोरांची भीती, म्हणून त्याने निजामुद्दीनांचे गुरू बाबा फरीद यांच्याकडे दुवा मागितली. बाबा म्हणाले, अमक्या तलावापर्यंत माझी हद्द, पुढे मुलतानच्या बहाउद्दीन जकरियांची! तलाव आला तसा गवई बहाउद्दीनांचा धावा करू लागला. फरीद चिश्ती, बहाउद्दीन सुहरावर्दी. दोन सिलसिल्यांची, म्हणजे सूफी गुरुपरंपरांची, शीव एका तलावाशी.

निजामुद्दीन पुढे असंही म्हणत की पीराचा लोकांशी असलेला अधिकार मागे कुणाला देता येतो, ईश्वराशी असलेलं सख्य तो बरोबर घेऊन जातो. देता येणारा भाग म्हणजे खिलाफत, गुरूची वारसदारी. तिच्या खुणा म्हणजे खिर्का हा सूफी अंगरखा, जपमाळ, काठी. निजामुद्दीनांनंतर या वस्तू नसीरुद्दीन चिराग देहलवींकडे आल्या. १३५६ साली जाताना त्यांनी त्या कुणालाच दिल्या नाहीत. खिर्का छातीवर, काठी शेजारी, माळ बोटात, अशा आपल्याबरोबर पुरायला सांगितल्या.

तरी त्यांचे शिष्य गेसूदराज दख्खनेत गुलबर्ग्याला आलेच. निजामुद्दीन सुलतानाला दारात उभं करत नसत, गेसूदराजांनी मात्र बहामनींच्या जमिनी घेतल्या आणि गादीच्या भांडणात सुलतान फिरोजशहाच्या मुलाऐवजी त्याचा भाऊ अहमदशहा याची बाजू घेतली. १४२२ मध्ये अहमद सुलतान झाला. त्याच वर्षी गेसूदराज वारले, आणि अहमदने राजधानी बीदरला हलवून थेट इराणातल्या किरमानच्या सूफी पीराला, शाह निमतुल्लांना, बोलावणं धाडलं. ते आले नाहीत, नातवाला पाठवलं. गुलबर्ग्याच्या खानकाहला, म्हणजे गेसूदराजांच्या मठाला, तोडीस तोड पीर हवा होता, दुसरं काय!

गंमत म्हणजे लोक या अहमदशहालाच ‘वली’ म्हणू लागले. बीदरजवळ अष्टूरला त्याची कबर आहे. तिथल्या उरुसाला लिंगायतही जातात, त्यांच्या लेखी तो अल्लमप्रभू.

आणि ‘मुलूख’वाली विलायत? मोगलांकडच्या इराणी-तुराणी मंडळींना ती म्हणजे आपला मायदेश. मग गोऱ्यांचा मायदेश, म्हणून इंग्लंड. विलायती चिंच तर मेक्सिकोची.