नीट की कृषी: अकरावीला जाण्यापूर्वी नेमके काय ठरवावे?

प्रश्न: दहावी मराठी माध्यमातून झाली, ८४ टक्के मिळाले. घरचे म्हणतात नीटच दे, मित्र क्लाससाठी लातूरला निघालेत. मला बी.एस्सी. ॲग्री करायचंय. डोकं शांत ठेवून कसं ठरवू?

उत्तर: मी चोपडा तालुक्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. डॉक्टर की कृषी हा वाद तुम्हाला आज मिटवावा लागणारच नाही, कारण बारावीपर्यंत दोन्हींची वाट एकच आहे. नीटला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात आणि कृषीच्या प्रवेशासाठीची एमएचटी-सीईटीही याच विषयांवर देता येते. घरच्यांना हे एकदा कागदावर मांडून दाखवा. निम्मा ताण तिथेच उतरतो.

आज ठरवायचे ते वेगळेच आहे: इंग्रजीतून शिकवले जाणारे विज्ञान आपल्याला झेपते का आणि क्लासची मोठी फी आताच भरायची का. दहावीच्या टक्क्यांवरून हे कळत नाही. आपल्याकडची पुष्कळ मुले पहिल्या चाचणीत मार खातात आणि ‘मला सायन्स जमत नाही’ असे ठरवून मोकळी होतात, जेव्हा खरी अडचण अनेकदा भाषेची असते.

म्हणून प्रवेशाआधी बालभारतीचे अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक घ्या (संकेतस्थळावर ते मोफत मिळते) आणि दुसरे प्रकरण, ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’, दोन आठवडे रोज तासभर वाचा. रावेरकडच्या एका केळी बागायतदाराच्या मुलीला मी हेच करायला लावले होते. सुरुवातीला ती ‘मॅग्निट्यूड’, ‘रिझल्टंट’ अशा शब्दांपाशीच अडत होती. तिने समासात परिमाण, परिणामी सदिश असे मराठी शब्द लिहिले आणि दुसऱ्या आठवड्यात सदिशांच्या बेरजेची उदाहरणे ती उत्तर न पाहता सोडवू लागली. म्हणजे अडसर भाषेचा होता आणि तो काही महिन्यांत दूर होतो. याउलट शब्द कळूनही सोडवलेल्या उदाहरणाची पुढची पायरी का आली हे दोन आठवड्यांनंतरही उमगत नसेल, तर ते गांभीर्याने घ्या. नीटच्या ७२० गुणांपैकी १८० भौतिकशास्त्राचे असतात आणि सीईटीतही हा विषय सुटत नाही. तसे झाल्यास दहावीनंतरची कृषी पदविका हा दुसरा मार्ग जरूर पाहा, मात्र तिच्यावरून पदवीला जाण्याचे नियम आधी कृषी महाविद्यालयात विचारून घ्या.

लातूरचे म्हणाल, तर मित्रांचे निघणे हे तुमच्या निर्णयाचे कारण होऊ शकत नाही. शिवाय नवी भाषा, नवे गाव आणि दर आठवड्याची परीक्षा एकाच वेळी अंगावर आली की, नेमके काय जड जाते आहे हेच मुलाला कळेनासे होते. वडिलांना ‘नीट देणार नाही’ असे तोडून सांगू नका. ‘पहिली सहामाही तालुक्यातच राहून शिकतो, भौतिकशास्त्राचे गुण पाहून क्लासचे आपण मिळून ठरवू,’ असे म्हणा आणि सहामाहीची उत्तरपत्रिका घरी आणून त्यांच्यापुढे ठेवा.