बोक्याच्या स्टिकरभोवती पांढरा चौकोन येतोय

> "आमच्या काळ्या बोक्याचे व्हॉट्सॲप स्टिकर बनवतोय. एका दुकानातून कटआउट करून आणले, नाव .png आहे, पण चॅटमध्ये पांढरा चौकोन येतो. काही फाईली तर ॲप घेतच नाही. काय चुकतंय?"

तुमचं काही चुकलेलं नाही. आमच्या सोनी मांजरीचे स्टिकर करताना नाशिकमधल्या एका दुकानाने मला नेमकं हेच दिलं होतं. पार्श्वभूमी पांढरी रंगवली, फाईल जेपीजीमध्ये सेव्ह केली आणि नावाच्या शेवटी .png लिहून हातात दिली. जेपीजीमध्ये पारदर्शकता साठवताच येत नाही, नाव बदलल्याने ती येत नाही. तक्रार घेऊन गेले तर "तुमच्या मोबाईलमध्ये प्रॉब्लेम आहे" असं उत्तर मिळालं. पैसे गेलेच, वर मूळ फोटोही त्यांनी लहान करून परत दिले, याचा राग अजून आहे. तुमचं दुकान तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण फाईल तपासून घ्या. कॉम्प्युटरवर लिनक्स किंवा मॅक असेल तर एवढं पुरे:

```
file boka.png
```

उत्तरात `JPEG image data` आलं तर ते कटआउट नाहीच. विंडोज असेल तर चित्र गडद हिरव्या थरावर ठेवून बघा, चौकोन लगेच दिसेल. अशा फाईलमधून पांढरा रंग पुसत बसू नका, केसांच्या कडा कुरतडल्या जातात. मूळ फोटोपासून पुन्हा कापा. तो फोटो कुणाकडून मागवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून पाठवतं.

कापण्याआधी फोटो निवडा. सोनी तपकिरी आहे, आणि आमचे बरेच फोटो पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यावरचे. रंगात रंग मिसळल्याने आपोआप कापणाऱ्या ॲपने तिचे कान जिन्याला जोडून टाकले. शेवटी मागे निळी चादर टाकून खिडकीच्या उजेडात नवे फोटो काढले, तेव्हा कुठे कडा स्वच्छ निघाली. तुमच्या काळ्या बोक्याला फिकट चादर लागेल. कापल्यावर निवड एक-दोन पिक्सेल आत घ्या, म्हणजे चादरीच्या रंगाची झालर राहत नाही. मिशा वाचवायचा हट्ट करू नका, त्या तुटक दिसतात. कापून टाका आणि शेवटी बारीक ब्रशने पुन्हा काढा.

आता बाह्यरेषा. सगळ्यांची गडबड इथे होते, कारण रेषा मोठ्या फोटोवर काढली जाते. व्हॉट्सॲपला स्टिकर 512 × 512 पिक्सेलचा लागतो, कडेला 16 पिक्सेल मोकळे सोडायला ते सांगतात, आणि पांढरी रेषा 8 पिक्सेलची. म्हणजे रेषेसकट चित्र 480 मध्ये बसायला हवं, बोका 464 मध्ये. 2320 पिक्सेलच्या कटआउटवर 8 ची रेषा काढलीत आणि मग 464 वर आणलंत, तर ती 1.6 पिक्सेल उरते, दिसतच नाही. म्हणून आधी लहान करा, 512 च्या कॅनव्हासवर मधोमध ठेवा, मग रेषा काढा. गिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये `Alpha to Selection`, मग `Grow` 8, आणि खाली नवा थर घेऊन त्यात पांढरा भरा. काळ्या बोक्याला ही रेषा हवीच, नाहीतर डार्क मोडमध्ये फक्त डोळे दिसतील.

चेहऱ्यावरचे भाव निवडताना माझं मत थोडं कडक आहे: पूर्ण अंगाचे फोटो टाळा. चॅटमध्ये स्टिकर एवढा लहान दिसतो की डोळे, कान आणि तोंड यांच्यातूनच भाव कळतो. जांभईचा फोटो "हाहाहा"साठी अगदी चपखल बसतो, मागे झुकलेले कान रागासाठी, अर्धे मिटलेले डोळे "शुभ रात्री"साठी. अर्थात बोका तुमचा, त्याचा स्वभाव तुम्हाला जास्त माहीत.

ॲप फाईल घेत नाही याचं बहुधा कारण वजन. स्थिर स्टिकर वेबपी प्रकारात 100 केबीच्या आत हवा. केसाळ जनावराच्या चित्रात बारीक तपशील फार, त्यामुळे लॉसलेस सेव्ह केलं की मर्यादा सहज ओलांडते. थोडा तपशील गाळणारं लॉसी ठेवा आणि वेबपी बनवणाऱ्या cwebp कमांडला वजन आधीच ठरवून द्या:

```
cwebp -size 95000 boka.png -o boka.webp
```

यात पारदर्शक कड शाबूत राहते, फक्त केसांचा पोत जरा मऊ होतो, आणि मोबाईलवर ते कळत नाही. माप कमी करून वजन उतरवू नका, 512 चा नियम मोडतो. हलते स्टिकर करायचे असतील तर त्यांचा संच वेगळा ठेवा, स्थिर आणि हलते एकत्र चालत नाहीत. हलत्याला मर्यादा 500 केबी.

संचात किमान 3 आणि जास्तीत जास्त 30 स्टिकर बसतात. संचाचं छोटं चिन्ह 96 × 96 चं आणि 50 केबीच्या आत लागतं. त्याला फक्त चेहरा घ्या.