तेलगळतीच्या अभ्यासाविषयी एका विद्यार्थ्यास पत्र

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ या तेलवाहू जहाजाची गळती हा विषय तू निवडलास ते योग्य झाले, कारण या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक सफाईपद्धत एकाच किनाऱ्यावर वापरली गेली आणि तिचे परिणाम पुढे अनेक वर्षे मोजले गेले. माझा आक्षेप तुझ्या तक्त्याला आहे. त्यात पद्धतींची क्रमवारी ‘किती तेल निघाले’ या एकाच निकषावर लावलेली आहे, आणि त्यामुळे या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण तक्त्याबाहेरच राहते.

आधी समुद्रावरचे काम पाहू. 24 मार्च 1989 रोजी मध्यरात्रीनंतर हे जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातातील ब्लाय रीफ या खडकावर चढले आणि सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन, म्हणजे अंदाजे 37,000 टन कच्चे तेल पाण्यात गेले. पहिले जवळजवळ तीन दिवस समुद्र शांत होता. तेल बूम या तरत्या अडथळ्याने अडवून स्किमर या यंत्राने पृष्ठभागावरून उपसण्यासाठी हीच वेळ होती, पण साधनसामग्री घेऊन जाणारा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, पोहोचायलाच खूप उशीर झाला, आणि पुढे घट्ट तेल व समुद्रशैवाल अडकून स्किमर बंद पडू लागले. तेल पाण्यात विखुरणारी रसायने फवारून पाहिली गेली, पण त्यांना मिसळणीसाठी लाटा लागतात आणि त्या वेळी लाटाच नव्हत्या. 25 तारखेच्या संध्याकाळी मात्र दोन बोटींनी अग्निरोधक बूम ओढत तेल गोळा केले आणि ते पेटवले. त्या चाचणीत गोळा झालेले बहुतेक सारे तेल जळून गेले. मग 26 च्या रात्री वादळ आले. तेल घुसळले जाऊन त्यात पाणी मुरले, त्याचा लगदा झाला आणि तो पेटेना. म्हणून या पद्धतींपुढे टक्केवारी लिहिण्याआधी प्रत्येकीला कोणते हवामान लागते आणि ते किती तास मिळाले, हे लिही. जाळण्याला शांत समुद्र व ताजे तेल लागते, रसायनांना खवळलेला समुद्र लागतो, आणि उपसण्याला सर्वांत आधी जागेवर असलेली सामग्री लागते.

त्यानंतर सुमारे 2,100 किलोमीटर किनाऱ्याला तेल लागले. प्राण्यांच्या नुकसानीचे आकडे तू दिलेच आहेत: अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी, 2,800 समुद्री पाणमांजरे, 300 सील. मात्र कारण लिहायचे राहिले आहे. सीलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, पाणमांजराला तो नसतो. त्याची ऊब दाट केसांत अडकलेल्या हवेवर अवलंबून असते. केस तेलाने चिकटले की गार पाणी थेट कातडीला भिडते, आणि केस साफ करण्यासाठी चाटताना तेल पोटात जाते. हे समजले की पाणमांजरांच्या मृत्यूंचा आकडा सीलच्या कितीतरी पट का, हे वेगळे सांगावे लागत नाही. 1993 मध्ये हेरिंग माशांची संख्या कोसळली त्याचा दोष तू सरळ तेलावर ठेवला आहेस. तसे करू नकोस. गळतीनंतर चार वर्षांनी झालेल्या त्या घसरणीच्या कारणांवर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत.

आता मुख्य मुद्दा. 1989 च्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी उच्च दाबाच्या गरम पाण्याने, काही ठिकाणी सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या, खडक धुतले. दिसायला ही पद्धत उत्तम, कारण काळा खडक डोळ्यांदेखत उजळतो. पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तेलाखाली तग धरून राहिलेले फ्युकस शैवाल, शिंपले आणि खडकाला चिकटून राहणारे बार्नेकल त्या पाण्याने भाजून निघाले. शिवाय पाण्याच्या माऱ्याने गोट्यांमधली बारीक वाळू व गाळ खाली वाहून गेला. तिसऱ्या नावाच्या ज्या शिंपल्यांना घर करायला तोच गाळ लागतो, त्यांची संख्या धुतलेल्या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षे कमी राहिली.

हे कळले कसे, याकडे नीट लक्ष दे. अमेरिकेच्या नोआ या समुद्र व हवामान संस्थेच्या आग्रहावरून काही तेलकट पट्टे मुद्दाम न धुता राखून ठेवले गेले. त्यामुळे तीन प्रकारच्या जागांची तुलना करता आली: तेल न लागलेल्या, तेल लागून तशाच सोडलेल्या, आणि तेल लागून गरम पाण्याने धुतलेल्या. तीन-चार वर्षांत तशाच सोडलेल्या खडकांवरची जीवसृष्टी तेल न लागलेल्या खडकांसारखी दिसू लागली, तर धुतलेले खडक मागे राहिले. धुतलेल्या खडकांवर शैवाल परत आले तेव्हा ते सगळे एकाच वयाचे होते, आणि एकाच वयाचे असल्यामुळे काही वर्षांनी एकदमच म्हातारे होऊन गळाले. हिरवा दिसणारा खडक पुन्हा उघडा पडला. एकाच भेटीत घेतलेल्या छायाचित्रावरून ‘पुनर्प्राप्ती झाली’ असे लिहिणाऱ्यांची मला भीती वाटते ती यामुळेच.

जैविक पद्धतीला तू फार गुण दिले आहेत. तेल खाणारे जिवाणू तिथे आधीपासून होतेच. त्यांना नत्र व स्फुरद कमी पडत होते, म्हणून खते टाकली गेली आणि पृष्ठभागाजवळच्या तेलाचे विघटन काही पटींनी वाढले. पण मोठ्या दगडांच्या थराखाली दबलेल्या तेलापर्यंत प्राणवायूच पोहोचत नाही, तिथे खत टाकून काय होणार? 2001 मध्ये साउंडमधल्या किनाऱ्यांवर खड्डे खणून पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक तपासलेल्या जागी तेल सापडले, आणि तिसऱ्या उकरून खाणारी पाणमांजरे तेच तेल ढवळत होती. त्यांची संख्या पूर्ववत झाल्याचे जाहीर व्हायला 2014 उजाडले.

एकूण हिशेब पाहिला तर 1992 पर्यंत माणसांनी परत मिळवलेले तेल सुमारे 14 टक्के होते. निम्मे जिवाणूंनी पचवले आणि पाचवा भाग हवेत उडाला किंवा उन्हाने विघटित झाला. यावरून ‘काहीच करू नये’ असा निष्कर्ष काढू नकोस. पक्षी व पाणमांजरे जिथे येतात तिथला तेलाचा जाड थर लवकर उचलावाच लागतो, आणि ते काम फावडी, शोषक कापड व थंड पाण्याच्या हलक्या धारेनेही बरेच होते. प्रश्न असतो तो जाड थर उचलून झाल्यावर कुठे थांबायचे याचा.

शेवटच्या प्रकरणात तू मुंबईची तुलना घेणार आहेस. 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे 800 टन तेल सांडले आणि ते तिवरांच्या पट्ट्यात शिरले. तिथे अलास्काचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. खडकाऐवजी चिखल आहे, पाणी उबदार आहे, आणि तिवराची श्वसनमुळे तेलाने लिंपली गेली तर झाड गुदमरते. सफाईसाठी माणसे चिखलात उतरली तर पायांनी तेल आणखी खोल दाबले जाते. म्हणून तक्त्यात ‘निघालेले तेल’ या रकान्याशेजारी ‘पद्धतीने केलेली इजा’, ‘लागणारे हवामान’ आणि ‘तळातला थर कशाचा’ असे तीन रकाने घाल, आणि न धुतलेल्या जागेशी तुलना जिथे उपलब्ध नाही, तिथे इजेचा रकाना रिकामा ठेव.

सुधारित आराखडा पाठव, म्हणजे तिवरांच्या प्रकरणावर सविस्तर लिहीन.

तुझा,
मार्गदर्शक